विहिरीतली वेलांटी

*माझी मुलगी सातवीत आहे, मराठी माध्यमात. शाळेने ‘आमच्या परिसरातील पाणी’ हा प्रकल्प दिलाय. तिने मैत्रिणींबरोबर गल्लीतल्या विहिरी पाहिल्या, मोजल्या आणि आठ पानं स्वतः लिहिली. मी कौतुकाने वाचायला घेतली आणि हातात लाल पेन होतं, ते चालतच गेलं. पहिल्या पानावर २० खुणा झाल्या. तिने वही ओढून घेतली, म्हणाली, “मग तूच लिही.” त्याहून वाईट म्हणजे, एका ठिकाणी तिने विचारलं, “का चूक?” आणि मला सांगता आलं नाही. मला चूक दिसते, पण नियम माहीत नाही. “असंच असतं” एवढंच म्हणाले. पुढच्या सोमवारी प्रकल्प द्यायचाय. पहिल्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. मी काय करू?*
*– एक आई, मिरज*

ताई, फोटो मोठा करून तीनदा वाचला. मी तीस वर्षं मुद्रितं तपासली आणि सुट्ट्यांमध्ये मुलांना शुद्धलेखन शिकवलं, त्यामुळे असं पान समोर आलं की आधी मोजायला बसते. तुमच्या लेकीचं पान बाकीच्या वाचकांसाठी जसंच्या तसं इथे देते:

“आमच्या गल्लीत तिन विहीरी आहेत. आम्ही तीन्ही विहीरींना पाहिले. पहिल्या विहीरी मध्ये पाणी आहे पण ते कोणी पित नाही. दुसऱ्या विहीरीत लोकानी कचरा टाकल्यामुळे पाणी दूषीत झाले आहे. शेजारच्या आजीनी सांगितले, ‘मी लगीन करून आले तवा समदी गल्ली हितलंच पानी भरायची.’ पाउस पडल्यावर पाणी वर येते. आम्ही दोरीला दगड बांधून निरिक्षण केले. तिसऱ्या विहीरीची खोली १२ फुट आहे.”

तुमच्या २० खुणांपैकी ५ आजीच्या बोलण्यावर आहेत. त्या आधी खोडा, का ते पुढे सांगते. उरल्या १५. त्यातल्या १० एकाच नियमाच्या आहेत, त्यातही निम्म्या एकाच शब्दाच्या. म्हणजे तुमच्या मुलीने २० चुका केलेल्या नाहीत. तिला एक मोठा आणि तीन-चार लहान नियम अजून कुणी सांगितलेले नाहीत, इतकंच. लाल पेनाने भरलेल्या पानावर हे तिला दिसत नाही. तिथे प्रत्येक खूण सारख्याच जोराने ओरडते आणि तिला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही.

आणखी एक गोष्ट. या पानातली सगळ्यात महत्त्वाची चूक शेवटच्या वाक्यात आहे आणि तिथे तुम्ही फक्त ‘फुट’चा उकार बदललात. ‘खोली १२ फूट’ म्हणजे कशाची खोली? कठड्यापासून पाण्यापर्यंत, कठड्यापासून तळापर्यंत, की नुसत्या पाण्याची? तीन वेगळी उत्तरं आहेत आणि वाचणाऱ्याला त्यातलं एकही कळत नाही. म्हणून सुरुवात इथून करा, पेन्सिल खाली ठेवून.

तिला वही वाचून दाखवायला सांगा. तुम्ही फक्त ऐकायचं. शेवटच्या वाक्यावर विचारा, “दगड सोडलास तेव्हा नेमकं काय झालं?” ती सांगेल की आधी डुबकन आवाज आला, मग दोरी अजून खाली गेली आणि तळाला टेकल्यावर सैल पडली. मग विचारा, “१२ फूट कधी मोजले?” बहुतेक तिथेच ती थांबेल. मोजमापाच्या वाक्याचा नियम असा, की कुठून मोजलं, कुठपर्यंत मोजलं आणि केव्हा मोजलं, ही तिन्ही उत्तरं वाक्यात हवीत. त्यातलं एक जरी राहिलं तरी आकडा निरुपयोगी होतो.

तिला आठवत नसेल तर अंदाजाने लिहू देऊ नका. रविवारी तुम्ही सोबत जा. कठड्याशी मोठं माणूस असल्याशिवाय हे काम करायचंच नाही. आवाज आला की कठड्याच्या वरच्या कडेशी दोरीला पहिली गाठ मारायची, दोरी सैल पडली की त्याच कडेशी दुसरी. समजा पहिल्या गाठीपर्यंत दोरी १२ फूट भरली, दुसऱ्या गाठीपर्यंत १९ फूट भरली आणि कठडा जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. मग पाणी ७ फूट आहे आणि पाण्याची पातळी जमिनीपासून साडेनऊ फूट खाली आहे. आता तिचं वाक्य होईल: “रविवारी सकाळी कठड्यापासून पाण्यापर्यंत दोरी १२ फूट व तळापर्यंत १९ फूट भरली, म्हणजे विहिरीत ७ फूट पाणी होते.” हे वाक्य तिचं तिला सुचू द्या. तिने दोरी हातात धरली होती, त्यामुळे ते सुचेलच.

तसंच ‘पाणी दूषित झाले आहे’ हे वाक्य. “हे तुला कसं कळलं?” असं विचारा. ती म्हणेल, पिशव्या तरंगत होत्या, वास येत होता. मग तेच लिहायचं. डोळ्यांनी पाहिलं आणि नाकाला कळलं ते निरीक्षण. पाणी दूषित आहे हा त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि पाण्याची तपासणी झाली नसेल तर ‘दूषित झाले असावे’ असं लिहायचं. विज्ञानाच्या वहीत या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. सातवीत हे एकदा कळलं तर दहावीच्या प्रयोगवहीपर्यंत पुरतं.

एवढं झालं की त्या दिवसापुरती वही बंद. वेलांट्यांकडे दुसऱ्या दिवशी वळा. वाक्यं बदलायची असताना शब्द सुधारत बसलं, तर सुधारलेली वाक्यंच उद्या खोडावी लागतात आणि मूल दुप्पट चिडतं.

आता तो मोठा नियम. तिला कोऱ्या कागदावर दोन रांगा लिहून द्या. एका रांगेत तीन, फूल, मूल, बहीण, गरीब, विहीर. समोरच्या रांगेत तिन्ही, फुले, मुले, बहिणी, गरिबी, विहिरी. काही सांगू नका, नुसतं मोठ्याने म्हणायला लावा आणि विचारा, “काय बदलतंय?” ‘बहीण’ म्हणताना आवाज ‘ही’वर रेंगाळतो. ‘बहिणी’ म्हणताना तो ‘हि’वरून घाईने पुढे जातो आणि ‘णी’वर टेकतो. बहुतेक मुलांना हे कानाने दोन मिनिटांत कळतं. मग नियम तिच्या तोंडून येऊ द्या आणि तुम्ही फक्त नीट करा: शब्दाचं शेवटचं अक्षर मोकळं असेल, म्हणजे त्याला काना, मात्रा, वेलांटी काहीच नसेल, तर शेवटून दुसऱ्या अक्षराला दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर शेवटून दुसऱ्याला पहिली.

या एका वाक्यावर तिच्या दहा चुका सुटतात. ‘तिन’मधला ‘न’ मोकळा, म्हणून तीन. ‘तीन्ही’ची अखेर दीर्घ, म्हणून तिन्ही. ‘पाउस’मधला ‘स’ मोकळा, म्हणून पाऊस. ‘फुट’चं फूट. ‘पित’चं पीत, पण ‘पितो’ लिहिताना पहिली, आणि तसंच लिहीत पण लिहितो. उरल्या पाच विहिरी.

विहिरीपाशी एक खाच आहे, ती आधी माहीत हवी, नाहीतर तुम्ही पुन्हा “असंच असतं”वर याल. हुशार मुलगी विचारेल, “विहिरीची मध्ये शेवटचं ची दीर्घ आहे, मग आधीचं री पहिलं का नाही?” याचं उत्तर असं, की नियम लावताना जोडलेला तुकडा बोटाने झाकायचा. विहिरी‑ची, विहिरी‑त, विहिरी‑मध्ये, विहिरीं‑ना. बोटाखाली ‘ची’, ‘त’, ‘मध्ये’, ‘ना’ गेले की उरतं ‘विहिरी’, आणि त्याची अखेर दीर्घ आहे, म्हणून ‘हि’ला पहिली वेलांटी. कुठलाही प्रत्यय लागला तरी ती पहिलीच राहते. दुसरी वेलांटी फक्त एकट्या ‘विहीर’ला. ‘वकील’चं वकिलाला, ‘फूल’चं फुलात, सगळीकडे हेच. ‘पाऊस’सारखा शब्द तर प्रत्यय लागला की उकारच टाकून देतो: पावसात, पावसाने. ‘माणूस’चं माणसाने, ‘लाकूड’चं लाकडाचा. तीन अक्षरी शब्द, पहिलं अक्षर दीर्घ, असा तो गट आहे. तिने विचारलं तर सांगा, नाहीतर तिथे थांबू नका. ती ‘पाऊसात’ लिहिणार नाही, कारण तसं ती बोलतच नाही.

हे सांगून झालं की तिच्या वहीत शब्द दुरुस्त करून देऊ नका. मी मुद्रणालयात नवीन होते तेव्हा आमचे वयस्कर मुद्रितशोधक माझ्या चुकलेल्या ओळीच्या समोर, समासात, पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत. शब्दाला हात लावत नसत. ओळीत कुठे काय चुकलं ते मी शोधायचं. दोन चुका असल्या तर दोन ठिपके. मला त्या ठिपक्याचा कधी राग आला नाही, उलट शोधायची ओढ लागली. तुम्हीही तसंच करा, पण एका दिवशी एकाच नियमाचे ठिपके द्या. आज शेवटून दुसऱ्या अक्षराचे, तर फक्त तेच. ‘लोकानी’ दिसलं तरी आज हात आवरायचा. पहिल्या ठिपक्यापाशी सोबत बसा, दुसऱ्यापाशी बोट कुठे ठेवायचं एवढंच सांगा, तिसऱ्यापासून तिचं तिला करू द्या. तुमची मुलगी आठव्या पानापर्यंत येता येता स्वतःच पुढच्या ओळी धुंडाळायला लागेल. तेव्हा ठिपके द्यायचे थांबा. नियम बसला की नाही ते तिथेच कळतं. ठिपका नसलेल्या ओळीतली ‘विहीरीत’ तिने आपणहून पकडली, तर बसला. प्रत्येक वेळी तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर ती अजून अंदाज बांधतेय. मग दोन रांगांच्या कागदाकडे परत जा.

याच नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि प्रकल्पाच्या भाषेत तो पावलोपावली भेटतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपली वेलांटी सोडत नाहीत. तुमच्या लेकीचे दोन शब्द त्यात अडकलेत, निरिक्षण आणि दूषीत. ‘निरीक्षण’ सांगताना तिला शब्द फोडून दाखवा. निर् आणि ईक्षण. ईक्षण म्हणजे पाहणं, तिथे मुळातच दीर्घ ई आहे. तीच ई परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा या शब्दांत आहे. ‘परीक्षा’ तिने हजारदा लिहिलाय, त्याच्या शेजारी ‘निरीक्षण’ ठेवलं की पुन्हा चुकणार नाही. ‘दूषित’चं उलट आहे. शेवटचा ‘त’ मोकळा आहे, मोठ्या नियमाने ‘षी’ व्हायला हवं, आणि म्हणूनच तिने तसं लिहिलं. त्याबद्दल तिला सांगा, की तिचा तर्क बरोबर होता. पण असा ‘इत’ संस्कृतातून येतो तेव्हा तो ऱ्हस्वच राहतो: दूषित, सुरक्षित, लिखित, संचित. हे दोन शब्द मी वेगळ्या दिवशी घेईन. नियम आणि अपवाद एका बैठकीत दिले तर दोन्ही डळमळीत राहतात.

दुसरा नियम लोकांचा आणि आजीचा. ‘लोकानी’ आणि ‘आजीनी’ या दोन्हींत बिंदू गेलाय. एकाने केलं तर ‘ने’, अनेकांनी केलं तर ‘नी’ आणि त्याच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार. माणसाने, माणसांनी. मुलीने, मुलींनी. बिंदू नसलेल्या नामापुढे ‘नी’ दिसला की समजायचं, काहीतरी राहिलंय. आजी एकच आहे, मग काय लिहायचं? इथे तिला निवड करू द्या. घरातल्यासारखी जवळीक असेल तर ‘आजीने सांगितले’, मान द्यायचा असेल तर ‘आजींनी सांगितले’. आदराचं अनेकवचनही अनुस्वार घेतं, म्हणून शिक्षकांनी, सरपंचांनी. एकदा निवडलं की आठही पानांत तेच ठेवायचं. पान दोनवर ‘आजी म्हणाली’ आणि पान चारवर ‘आजींनी दाखवले’ असं नको.

‘विहीरी मध्ये’तलं अंतर मिटवायला तिचीच वही पुरेशी आहे. दोन ओळी खाली तिने ‘पडल्यावर’ जोडून लिहिलंय. ते दाखवा आणि विचारा, “वर जोडलास, मग मध्ये का सोडलास?” खरा नियम असा, की ‘मध्ये’, ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’, ‘पासून’ हे शब्द मागच्या शब्दाचं रूप बदलून त्याला चिकटतात. ‘घर’चं ‘घरा’ होतं तेव्हाच ‘मध्ये’ लागतं. नुसतं ‘घरा’ असं कुणी बोलत नाही, ते एकटं उभं राहू शकत नाही. एकटं उभं न राहणारं रूप दिसलं की पुढचं जोडायचं. विहिरीमध्ये, कठड्यापासून, मोजण्यासाठी.

राहिलं ‘विहीरींना पाहिले’. हे शुद्धलेखन नाही, वाक्याची ठेवण आहे, आणि तुम्ही इथे फक्त वेलांटी बदललीत. हल्ली मुलांच्या लिहिण्यात हे फार येतं: पुस्तकाला वाचले, झाडांना लावले, विहिरींना मोजले. तिला व्याकरणातल्या प्रयोगांची नावं सांगू नका. जेवताना विचारा, “आज किती पोळ्या खाल्ल्यास?” ती म्हणेल, “दोन खाल्ल्या.” मग विचारा, “पोळ्यांना खाल्ले का नाही म्हणालीस?” ती हसेल आणि वाक्य तिचं तिला ऐकू येईल. पोळ्या खाल्ल्या, विहिरी पाहिल्या, दोरी सोडली, दगड बांधला. घडून गेलेल्या गोष्टीत जे केलं त्याच्यामागे क्रियापद जातं, आणि निर्जीव वस्तूला असा ‘ना’ किंवा ‘ला’ सहसा लागत नाही. तो माणसांना लागतो: “आम्ही आजींना विचारले.” आणि ‘ना’ लागला की क्रियापद ‘विचारले’वरच गोठतं, मग समोर एक आजी असो की चार.

आता आजीच्या त्या पाच खुणा. लगीन, तवा, समदी, हितलंच, पानी. ताई, हे शब्द चुकीचे नाहीत. ही त्या आजींची बोली आहे, आणि तुमच्या मुलीने ती कान देऊन ऐकली आणि अवतरणचिन्हांत जशीच्या तशी उतरवली. पानावरचं हे तिचं सगळ्यात चांगलं काम आहे. त्यावर लाल रेघ मारली म्हणजे मुलीला कळतं की तिने नीट ऐकणं चूक होतं आणि त्या आजींचं बोलणंही चूक होतं. दोन्ही खोटं आहे. कृपा करून तिला तसं स्पष्ट सांगा, “या खुणा माझ्या चुकल्या.” लेखनाचे नियमही तिच्याच बाजूने आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यात ४ वाढले, आणि त्याच १८ नियमांमध्ये बोलणाऱ्याच्या तोंडचा मजकूर त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला जागा ठेवलेली आहे. इथे तिला आणखी एक फरक दाखवता येईल. अवतरणाच्या आत ‘हितलंच’, बाहेर मात्र ‘सांगितले’, ‘पाहिले’, ‘मोजले’. अहवालाची स्वतःची वाक्यं ‘ले’ने, बोललेली वाक्यं डोक्यावर बिंदू देऊन. मी तुम्हाला हे बोलल्यासारखं लिहितेय, म्हणून माझं ‘केलं’ आणि ‘दिलं’ आहे. तिने वहीत मिसळ करू नये, एवढंच बघा.

सोमवारपर्यंत हे सगळं होणार नाही आणि व्हायलाही नको. मजकूर, शेवटून दुसरं अक्षर आणि ‘ने’‑‘नी’, एवढं झालं तरी मी समाधानी असेन. ‘मध्ये’ आणि ‘पोळ्या’ जाता जाता होतील. उरलेल्यांपैकी जिथे वाचणाऱ्याची दिशाभूल होईल, म्हणजे गावाचं नाव, आकडा, तारीख, ते तिला दाखवून सरळ नीट करा. बाकी राहू द्या, बाईंना दिसेल. सगळं निर्दोष करून दिलेली वही बाईंना लगेच ओळखू येते आणि मग ‘कुणी लिहिलं?’ हा प्रश्न तिच्यावर येतो.

एक प्रश्न ती नक्की विचारेल, म्हणून तयार राहा. “पाणी दीर्घ, मग आणि ऱ्हस्व का?” मराठी शब्दाच्या शेवटचा इकार, उकार दीर्घ लिहायचा असा नियम आहे, म्हणून पाणी, पाटी, जादू. ‘आणि’ आणि ‘नि’ हे दोन शब्द नियमातच नाव घेऊन बाजूला काढलेत. उच्चारातून किंवा व्युत्पत्तीतून सातवीच्या मुलीला पटेल असं कारण मी तरी देऊ शकत नाही. इथे “हे असं ठरवलंय” म्हणायला हरकत नाही. बाकीच्या ठिकाणी कारण सांगितलं असेल तर या एका ठिकाणी ती ते मान्य करते.

लाल खुणांचं ते पहिलं पान फाडू नका. दुसऱ्या कागदावर ते तिला नव्याने लिहू द्या, विहिरीचं मोजमाप पक्कं झाल्यावर. नव्या पानावर ‘विहीर’ शब्द किती वेळा येतो आणि कुठे कुठली वेलांटी पडली, ते तिने स्वतः मोजून मला कळवलं तर मी वाट बघेन.